बिलांचं खातं, घरखर्चाचं खातं आणि वर्षाच्या बारा ओळी

जुन्या पेन्शनर मंडळींना फॅमिली अलॉटमेंट आठवत असेल. जवान दर महिन्याला घरी किती पाठवायचे ते एकदा लिहून द्यायचा, तेवढी रक्कम त्याच्या पगारातून परस्पर कापली जायची आणि मनीऑर्डरने गावी पोचायची. बाकीचे पैसे पीएओमधल्या त्याच्या आयआरएलए खात्यात जमा राहायचे. पोस्टमन आला की आईला कळायचं, महिना सुरू झाला. त्या पद्धतीत एक शहाणपण होतं, ते आपण बँकेची खाती, एटीएम कार्ड आणि यूपीआय आल्यावर गमावून बसलो. घरखर्चाचा पैसा आणि बाकीचा पैसा आपोआप वेगळे होत होते, आणि ते वेगळे करायला जवानाला दर महिन्याला काही करावं लागत नव्हतं.

आज बहुतेकांचं काय आहे? पगार एका खात्यात पडतो. त्याच खात्यातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो, एलआयसी जाते, वीजबिल जातं, आणि त्याच खात्याला लावलेल्या यूपीआयवरून घरी भाजी येते आणि इकडे मार्केटमध्ये गरम कपडे घेतले जातात. खात्यात बावीस हजार दिसतात. त्यातले किती आपले आणि किती पुढच्या आठवड्यात हप्त्याला जाणारे, हे कुणालाच ठाऊक नसतं. घरी वहिनींना तर मुळीच नाही.

म्हणून दोन खाती ठेवावीत, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. कोणतं खातं कशाला ठेवायचं, यावर सगळं अवलंबून आहे आणि बरेच जण ते उलटं करतात.

उलटी पद्धत अशी. पगार पडतो ते खातं खर्चाला वापरायचं आणि बिलांसाठी दुसरं खातं उघडून त्यात दर महिन्याला पैसे टाकायचे. कागदावर ठीक दिसतं. पण आता मी जिथे आहे तशा पोस्टवर ती चालवून बघा. अरुणाचलमध्ये वर पाऊस-बर्फ सुरू झालं की चार-चार दिवस फोन लागत नाही. पाच तारखेला हप्ता आहे, तीन तारखेला पैसे बिलांच्या खात्यात टाकायचे होते आणि तुम्ही गस्तीवर आहात. हप्ता परत जातो. तुमची बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते. शिवाय क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराची नोंद पडायची शक्यता. आणि हे सगळं तुम्हाला कळतं खाली उतरल्यावर, मेसेज धडाधड आले की.

सरळ पद्धतीत पगाराचं खातं हेच बिलांचं खातं. हप्ते, विमा, शाळेची फी, सगळं तिथून. घरखर्चासाठी ठरलेली एकच रक्कम महिन्यातून एकदा तिथून दुसऱ्या खात्यात जाते. आता तेच चार दिवस फोन लागला नाही असं धरा. बिलं भरायला कुणाला काहीच करायचं नव्हतं, त्यामुळे ती भरली जातात. अडतं ते घरखर्चाचं पोचणं, आणि ते अडलं तर त्याच दिवशी घरात कळतं. "अहो, या महिन्याचे आले नाहीत," असा निरोप युनिटच्या फोनवरही येतो. दुकानदार दोन दिवस थांबतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. चूक कधी ना कधी होणारच असेल तर ती लगेच दिसेल आणि दंडाशिवाय निस्तरेल अशा बाजूला व्हावी, एवढंच या मांडणीमागचं कारण.

आणखी एक फायदा आहे. पगारखात्याबरोबर मिळणारं अपघात विम्याचं कवच पगार त्या खात्यात येत राहण्यावर अवलंबून असतं. त्यामुळे ते खातं हलवायचं नसतंच. मग जे हलत नाही त्याच्यावरच बिलं बांधावीत. मात्र त्या खात्याचं कार्ड ट्रंकेत कुलपात ठेवायचं आणि त्या खात्याला यूपीआय पिन लावायचाच नाही. यूपीआयचं ॲप तुमच्या नंबरावरची सगळी खाती दाखवेल. पिन फक्त घरखर्चाच्या खात्याला लावा. फोनवर गोड बोलून लुबाडणारा भेटला तरी यूपीआयवरून त्याच्या हाती लागेल ते महिन्याचं उरलेलं वाणसामान, घराचा हप्ता नव्हे. दुसरं खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं आणि दोघांना वेगवेगळी कार्डं. शक्यतो किमान शिल्लक न लागणारं घ्या.

आता आकडे. आमच्या कंपनीत साताऱ्याकडचा एक नायक आहे, त्याच्या संमतीने त्याचा हिशेब थोडा गोळाबेरीज करून मांडतो. फंड वगैरे कापून हातात येतात ४६,००० रुपये. दर महिन्याला ठरलेलं जाणं असं: घराचा हप्ता १४,२००, रिकरिंग ३,०००, वीज सरासरी ९००, फोन आणि इंटरनेट ८००. बेरीज १८,९००. ही यादी त्याने एका दमात सांगितली. अडकला तो पुढे.

कारण बिलं म्हटलं की माणसाला महिन्याची बिलं आठवतात, आणि घात होतो तो तिमाहीच्या आणि वर्षाच्या बिलांनी. मुलीच्या शाळेची फी दर तीन महिन्यांनी ९,०००, म्हणजे वर्षाचे ३६,०००. एलआयसी सहामाही ७,८००, वर्षाचे १५,६००. मोटरसायकलचा विमा १,५००. गावच्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी २,७००. एकूण ५५,८००. बाराने भागलं की महिन्याला ४,६५०. हे पैसे दर महिन्याला जात नाहीत, पण दर महिन्याला बाजूला राहायला हवेत. म्हणजे बिलांचा खरा भार १८,९०० नाही, २३,५५० आहे.

४६,००० मधून ते वजा केले की उरतात २२,४५०. त्यातले २०,००० घरखर्चाच्या खात्यात जातील असं त्याने आणि वहिनींनी मिळून ठरवलं. राहिलेल्या २,४५० पैकी २,००० मी त्याला सुट्टीच्या नावाने ठेवायला लावले. आपली वार्षिक रजा अचानक येत नाही. तरीही रजेचा महिना आला की प्रवास, पाहुणे, गावची जत्रा, एखादं लग्न, यात पैसा कसा गेला याचं प्रत्येकाला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. सुट्टी हेसुद्धा वर्षातून एकदा येणारं बिलच आहे. राहिलेले ४५० हाताला सैल म्हणून.

काय बिल आणि काय खर्च, यावर आमची लंगरमध्ये बरीच चर्चा झाली. मी एक साधी कसोटी लावतो. तीन महिने भरलं नाही तर कुणी नोटीस पाठवेल का, वीज तोडेल का, विमा बंद पडेल का? हो असेल तर बिल. क्रिकेट बघायचं पॅकेज बंद पडलं तर दुःख होईल, नोटीस येणार नाही. ते घरखर्चाच्या खात्यातून जाऊ दे.

पहिल्या महिन्यात एक अडचण येते. शाळेची फी जूनमध्ये, एलआयसी जुलैमध्ये, पुन्हा फी सप्टेंबरमध्ये. महिन्याला ४,६५० बाजूला पडतात, पण बिल ९,००० चं येतं. म्हणून सुरुवातीला खात्यात थोडं भांडवल लागतं. किती, हे अंदाजाने ठरवू नका. कागदावर बारा महिने उतरवा, प्रत्येक महिन्यात ४,६५० मिळवा आणि त्या महिन्याचं मोठं बिल वजा करा. या नायकाच्या बाबतीत जूनपासून सुरुवात केली तर जूनअखेर ४,३५० चा खड्डा पडतो, जुलैअखेर ७,५०० चा, नोव्हेंबरात तो भरून ६०० वर येतो, आणि मार्चमध्ये फी आणि घरपट्टी एकत्र आल्यामुळे सगळ्यात खोल जातो: ९,३००. मे महिन्यात पुन्हा शून्य. म्हणजे सुरुवातीला निदान ९,३०० हवेत. त्याने १२,००० ठेवून सुरुवात केली. मार्चला त्यातले २,७०० शिल्लक राहतील.

मार्चचा खड्डा लक्षात ठेवा, कारण नेमका तेव्हाच पगार उशिरा येतो. इतर महिन्यांचा पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पडतो. मार्चचा मात्र एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी. १ एप्रिलला बँकांचं वार्षिक हिशेबाचं काम, पुढे रविवार किंवा सण लागला की अजून एक-दोन दिवस. घरखर्चाची रक्कम आपोआप जावी म्हणून बँकेला स्थायी सूचना दिली असेल आणि ती एक तारखेची असेल, तर एप्रिलमध्ये दोनपैकी एक होतं. खात्यात पैसे कमी असतील तर सूचना फुकट जाते, आणि काही बँकांत पुन्हा प्रयत्न होत नाही. पैसे असतील तर पगार यायच्या आधीच २०,००० निघून जातात आणि पाच तारखेच्या हप्त्याचा भरवसा पूर्णपणे पगारावर राहतो. म्हणून सूचना तीन तारखेची द्यावी आणि एप्रिलमध्ये तेवढं लक्ष ठेवावं. पेन्शनचंही असंच आहे; मार्चची पेन्शन एप्रिलमध्ये जमा होते.

आता नोंद. इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. पैन् पै लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. वही दोन महिने चालते, तिसऱ्या महिन्यात नवरा-बायकोचं भांडण होतं आणि वही माळ्यावर जाते. घरखर्चाच्या खात्यात पोचलेल्या २०,००० चं काय झालं, हे लिहायची गरज नाही आणि विचारायचीही नाही. कोथिंबिरीचा हिशेब हजार किलोमीटरवरून मागणाऱ्या माणसाला सुट्टीत पहिले चार दिवस शांत जेवण मिळत नाही, असा अनुभव आमच्या सुभेदार साहेबांनी नोंदवून ठेवला आहे. लिहायचं फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काय गेलं ते. सगळं सुरळीत असेल तर वर्षाला बारा ओळी.

प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम, कुठून कुठे, कशासाठी आणि व्यवहाराच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. हा नंबर महत्त्वाचा, कारण एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी होते: इकडे नावे, तिकडे जमा. दोन्ही स्टेटमेंटमध्ये जोडी लागली पाहिजे.

जोडी न लावल्याने काय होतं ते जूनअखेर त्याच नायकाने दाखवलं. दोन स्टेटमेंट घेऊन आला. "दादा, पगार सेहेचाळीस आणि खर्च साडेसदुसष्ट. मी बुडतोय का?" बिलांच्या खात्यातून गेले होते ४७,९००, घरखर्चाच्या खात्यातून १९,६००. बेरीज ६७,५००. पण ४७,९०० मध्ये घरखर्चाच्या खात्यात टाकलेले २०,००० होतेच, आणि त्यातलेच पैसे तिकडे खर्च झाले होते. एकच पैसा दोनदा मोजला. अदलाबदल हा खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही. ते २०,००० काढले की खरा खर्च ४७,५००. पगारापेक्षा १,५०० जास्त, आणि त्याचं कारण जूनची ९,००० फी. यात बुडण्यासारखं काही नव्हतं. फीसाठीच तर १२,००० ठेवले होते.

दुसरी तपासणी महिन्यातून एकदा, पगार पडायच्या आदल्या दिवशी. तोच दिवस का? पगार पडला की खातं भरलेलं दिसतं आणि काहीच कळत नाही. आदल्या दिवशी त्यात फक्त राखून ठेवलेले पैसे असायला हवेत. जूनचं बघू: सुरुवातीचे १२,००० अधिक पगार ४६,००० वजा ४७,९००, म्हणजे १०,१००. कागदावरच्या हिशेबानेही तेवढेच: १२,००० मधून खड्ड्याचे ४,३५० वजा केले की ७,६५०, त्यात सुट्टीचे आणि सैल मिळून २,४५०. जुळलं. ऑगस्टअखेर हाच आकडा १६,५०० होईल, आणि तिथे मोह होतो. फोनवर साडेसोळा हजार दिसतात आणि नवा मोबाइल आठवतो. त्यातले ९,१५० पुढच्या फीचे आणि विम्याचे आहेत, ६,००० सुट्टीचे. खरोखर मोकळे फक्त १,३५०.

खातं हिशेबापेक्षा कमी दाखवत असेल तर कारणं सहसा तीनच असतात. एक, एखादं बिल वाढलं, बहुधा वीज. दोन, पगार कमी आला. आपल्याकडे हे होतं: ठाणं बदललं, डीओ पार्ट टू उशिरा निघाली, भत्ता जास्त दिला गेला आणि पीएओने पुढे रिकव्हरी लावली. तीन, अदलाबदलीची एखादी ओळ लिहायची राहिली. पे स्लिप आणि वही शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं. फील्डचे भत्ते येत असतील तर ते घरखर्चाच्या रकमेत मिळवू नका, बिलांच्या खात्यातच राहू द्या. फील्डमधून पीसला गेलो की भत्ता जातो, पण घरखर्च एकदा वाढला की खाली येत नाही. शिवाय रिकव्हरी आली तर ती त्याच पैशातून सुटते.

तेरावी ओळ कधी ना कधी येतेच. घरी कुणी आजारी पडलं, पंधरा तारखेलाच पैसे संपले, आणि बिलांच्या खात्यातून आणखी ३,००० पाठवले. पाठवा, पण लाल शाईने लिहा आणि पुढच्या महिन्यांत ते कसे परत येणार तेही लिहा: तीन महिने १९,००० पाठवायचे. वर्षाअखेर लाल ओळी मोजा. एक-दोन असतील तर ते आयुष्य आहे. पाच-सहा असतील तर २०,००० हा आकडाच खोटा आहे, तो वाढवून दुसरीकडे कापायला हवं. वहीचं खरं काम हे आहे, कुणाला दोषी धरणं नव्हे.

कधी पैसे इकडून जातात आणि तिकडे पोचत नाहीत. यूपीआय किंवा आयएमपीएसवर असं झालं तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. दुसऱ्यांदा पाठवलं आणि नंतर पहिले पोचले, की घरखर्चाच्या खात्यात ४०,००० आणि पाच तारखेला हप्ता परत. वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढा, जोडी लागली की खोडा.

एका विषयावर आपण बोलायचं टाळतो. जवानाला काही झालं तर एकट्याच्या नावावरचं खातं दाव्याची कागदपत्रं होईपर्यंत अडतं, वारसनोंद असली तरीही काही दिवस जातात. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर असेल तर त्या दिवसांत घर चालतं. बिलांच्या खात्यालाही जोडीदाराचं नाव लावता येतं, लावून घ्या. आणि कोणतं बिल कोणत्या तारखेला कुठून जातं, ती यादी वहीच्या पहिल्या पानावर. वही घरी ठेवायची, आपल्याकडे तिचा फोटो.

या सगळ्याची मर्यादाही सांगतो. बिलांचा भार पगाराच्या पाऊण हिश्शाला गेला असेल, तीन-तीन वैयक्तिक कर्जं चालू असतील, तर दोन काय चार खाती उघडून उपयोग नाही. तिथे आधी कर्ज उतरवायचं. वही तेवढं लवकर दाखवून देईल.

निवृत्तीला वर्ष राहिलेल्यांसाठी वेगळं पान करा. पेन्शन हातातल्या पगारापेक्षा बरीच कमी, पण हप्ता तोच. निवृत्तीच्या सहा महिने आधीपासून घरखर्चाची रक्कम पेन्शनच्या मापात आणून बघा, फरक बिलांच्या खात्यात साठू द्या. पेन्शन दुसऱ्या बँकेत घेणार असाल तर हप्त्यांची मँडेट नव्या खात्यावर हलवायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात जुन्याच खात्यावर हप्ता येऊन धडकतो. जुनं खातं लगेच बंद करू नका. त्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम ठेवा, नव्या खात्यातून सलग दोन हप्ते गेलेले स्टेटमेंटमध्ये बघा, मग अर्ज द्या.